वीस दिवसांचा उच्चांक, एन आणि चांदी मायक्रो: टर्टल पद्धतीचा एक सौदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत

1983 च्या अखेरीस शिकागोत रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन काही जण निवडले. जेमतेम दोन आठवडे त्यांना नियम शिकवले आणि 1984 पासून त्यांच्या हाती खऱ्या पैशांची खाती दिली. हेच ते 'टर्टल'. त्यांना शिकवलेल्या नियमांपैकी पहिली पद्धत सांगायला एका ओळीची आहे: भाव गेल्या वीस दिवसांच्या उच्चांकावर गेला की घ्यायचं आणि गेल्या दहा दिवसांच्या नीचांकाखाली आला की सोडायचं. मंदीच्या बाजूला हेच उलटं.

पद्धतीचं खरं काम या ओळीत नाही. किती लॉट घ्यायचे, भर कुठे घालायची, जुना वायदा संपताना पुढच्यात जायला, म्हणजे रोलओव्हरला, काय करायचं, लागोपाठ सहा सौदे तोट्यात गेल्यावर सातव्याची ऑर्डर कशी लावायची, यात ते आहे. हे सगळं एमसीएक्स या कमॉडिटी एक्स्चेंजवर प्रत्यक्ष कसं होतं ते चांदी मायक्रो या वायद्याच्या एका सौद्यावरून सांगतो. सौद्यातले भाव समजण्यापुरते गोल धरले आहेत, नियम मात्र मूळचे आहेत. चांदी मायक्रो मुद्दाम निवडली, कारण तिचा लॉट एक किलोचा आहे. चांदी मिनीचा लॉट पाच किलोचा असतो. हा फरक किती महत्त्वाचा, ते थोड्याच वेळात दिसेल.

रोज रात्री बाजार बंद झाल्यावर दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव वहीत किंवा शीटमध्ये उतरवायचा. त्यातून तीन आकडे काढायचे. पहिला ट्रू रेंज, म्हणजे दिवसभरात भाव खरोखर किती हलला. नुसता उच्चांक वजा नीचांक पुरत नाही. चांदी रात्री न्यूयॉर्कमध्ये उसळली आणि सकाळी नऊला इथे गॅपने उघडली, तर ती उडीही धरावी लागते. म्हणून कालच्या बंद भावापासूनचं अंतरही मोजायचं आणि तिन्हींत मोठं असेल ते घ्यायचं. दुसरा आकडा एन, म्हणजे ट्रू रेंजची वीस दिवसांची सरासरी. आदल्या दिवसाच्या एनची एकोणीस पट अधिक आजची रेंज, भागिले वीस. सुरुवात करताना पहिल्या वीस दिवसांची साधी सरासरी धरली की पुरतं. तिसरं म्हणजे वीस दिवसांचा उच्चांक आणि दहा दिवसांचा नीचांक. शीटमध्ये C ला उच्चांक, D ला नीचांक, E ला बंद भाव, F ला रेंज आणि G ला एन असेल, तर सूत्रं अशी:

```
F22: =MAX(C22-D22, ABS(C22-E21), ABS(D22-E21))
G22: =(19*G21+F22)/20
H23: =MAX(C3:C22)
I23: =MIN(D13:D22)
```

शेवटच्या दोन ओळी नीट पाहा. तेविसाव्या ओळीतल्या दिवसासाठी उच्चांक बाविसाव्या ओळीपर्यंतचाच घेतला आहे. बऱ्याच चार्टवरचं डोन्चियन चॅनेल, म्हणजे उच्चांक-नीचांकाच्या रेघा, आजचा दिवसही धरतं. मग भाव वर गेला की रेघही वर सरकते आणि भाव रेघेच्या वर कधीच जात नाही. काही जण यातून सुटायला बंद भाव रेघेला टेकण्याची वाट पाहतात आणि नकळत वेगळीच पद्धत चालवू लागतात. चार्टवर चॅनेल एक दिवस मागे सरकवायचं, किंवा शीटवरच भरवसा ठेवायचा.

आता भांडवल दहा लाख धरू. टर्टलांचा नियम असा की एक युनिट इतकंच घ्यायचं की भाव एक एन हलला तर भांडवलाच्या एक टक्का फरक पडावा. इथे एक टक्का म्हणजे 10,000 रुपये. चांदीचा एन किलोमागे 1,500 रुपये आहे. मायक्रोच्या एका लॉटला एक एन म्हणजे 1,500 रुपये, म्हणून 10,000 भागिले 1,500, म्हणजे 6.67. अपूर्णांक नेहमी खाली सोडायचा. युनिट सहा लॉटचं.

हाच हिशेब मिनीवर केला तर एका लॉटचा एन 7,500 रुपये येतो आणि उत्तर 1.33. म्हणजे एक लॉट. वरवर पाहता चालून जातं. पण एन थोडा वाढून 2,100 झाला की मिनीचं उत्तर 0.95 येतं, म्हणजे शून्य, आणि सौदाच सोडावा लागतो. "एकच लॉट तर आहे" म्हणत तो घेतला की मोजमाप तिथेच मोडतं. लहान लॉट असेल तर युनिट चारचं तीन, तीनचं दोन करता येतं. मोठा लॉट असेल तर घ्या किंवा सोडा, एवढंच उरतं. दहा लाखांच्या खात्याला म्हणूनच मायक्रो, क्रूडसाठी दहा बॅरलचा मिनी आणि नॅचरल गॅसचाही मिनीच बरा.

या मोजमापाचा एक परिणाम कागदावर पटकन दिसत नाही. बाजार शांत असतो तेव्हा एन लहान असतो आणि युनिट मोठं पडतं. मोठ्या तेजी बहुतेकदा अशाच सुस्त पट्ट्यातून निघतात, त्यामुळे सुरुवातीलाच भरपूर लॉट हातात येतात. पुढे बाजार पेटला, एन दुप्पट-तिप्पट झाला की नवीन युनिट आपोआप आक्रसतं. 2024 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधला कोको टनामागे चार हजार डॉलरच्या आसपास होता आणि मार्चअखेर दहा हजारांच्या वर गेला. अशा बाजारात खालच्या ब्रेकआउटला, म्हणजे भावाने उच्चांक ओलांडताना, घेतलेल्याचे लॉट जास्त असतात आणि वर उशिरा आलेल्याचे कमी, कारण तोवर एका दिवसाची हालचालच कित्येक पट झालेली असते. ठरावीक लॉट घेणाऱ्याचं नेमकं उलटं होतं.

वीस दिवसांचा उच्चांक 90,000 आहे. बंद भावाची वाट पाहायची नाही, दिवसाच्या मध्येच भाव त्यावर गेला की घ्यायचं. म्हणून 90,001 ट्रिगरची खरेदीची ऑर्डर आधीच लावून ठेवायची. ट्रिगर आणि लिमिट यांच्यात अंतर ठेवताना कंजूषी करू नये. दहा-वीस रुपयांच्या अंतराची लिमिट नेमक्या जोरदार ब्रेकआउटला मागे पडते, भाव निघून जातो आणि ऑर्डर तशीच लटकत राहते. अशी ऑर्डर खोट्या ब्रेकआउटला मात्र हमखास भरते, कारण तिथे भाव वरून परत येतो. म्हणजे तोटे सगळे घ्यायचे आणि मोठे सौदे सोडायचे, ही निवड काही रुपयांच्या कंजूषीतून आपोआप होते. सकाळी भाव उच्चांकाच्या वर गॅपने उघडला तर उघडत्या भावाला घ्यायचं आणि पुढचे सगळे आकडे त्या भावापासून मोजायचे.

समजा 90,050 ला सहा लॉट मिळाले. स्टॉप, म्हणजे तोटा थांबवायला विकायची पातळी, दोन एन खाली: 3,000 रुपये खाली, 87,050 ला. तो लागला तर तोटा 18,000, भांडवलाच्या 1.8 टक्के. यापुढे भाव अर्धा एन, म्हणजे 750 रुपये वर गेला की आणखी एक युनिट, असं एकूण चार युनिटांपर्यंत. अंतर नेहमी आधीच्या प्रत्यक्ष खरेदीपासून मोजायचं. म्हणजे 90,800, 91,550 आणि 92,300. प्रत्येक भरीबरोबर आधीच्या सगळ्या युनिटांचे स्टॉपही अर्धा एन वर घ्यायचे, म्हणजे सगळ्यांचा स्टॉप शेवटच्या खरेदीपासून दोन एनवर येतो. चौथं युनिट घेतल्यावर हातात चोवीस लॉट, सरासरी भाव 91,175 आणि सगळ्यांचा स्टॉप 89,300.

इथे थांबून हिशेब करावाच. आता स्टॉप लागला तर लॉटमागे 1,875 रुपये, चोवीस लॉटचे 45,000. एका बाजारात साडेचार टक्के. चोवीस लॉटची किंमत बावीस लाखांवर जाते, आणि मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवावी लागणारी अनामत, पंधरा टक्के धरलं तरी सव्वातीन लाखांहून जास्त अडकतात. शिवाय चढउतार वाढले की मार्जिनही वाढवलं जातं, म्हणजे पोझिशन नफ्यात असतानाच जास्त पैसे मागितले जातात. टर्टलांकडे डेनिसचा पैसा होता आणि ते वीसेक बाजारांत होते. स्वतःच्या बचतीवर चार-पाच बाजारांत हे चालवणाऱ्याने युनिट एक टक्क्याऐवजी अर्ध्या टक्क्याचं धरावं, असं माझं ठाम मत आहे. मग युनिट तीन लॉटचं, पूर्ण पोझिशन बारा लॉटची आणि सगळ्यात वाईट स्टॉप साडेबावीस हजारांचा. पुढचा हिशेब मात्र मूळ आकड्यांवरच ठेवतो.

स्टॉप म्हणजे हमी नव्हे. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकी क्रूडचा मे महिन्याचा वायदा शून्याखाली, उणे 37.63 डॉलरला बंद झाला. टाळेबंदीमुळे एमसीएक्स तेव्हा संध्याकाळी पाचलाच बंद होत होतं. ज्यांच्याकडे खरेदीची पोझिशन होती त्यांना रात्री काहीच करता आलं नाही, आणि इथला एप्रिलचा वायदा उणे 2,884 रुपयांना निकाली निघाला. क्रूड तेव्हा महिनोन्महिने घसरत होतं, त्यामुळे वीस दिवसांच्या उच्चांकाने त्यात खरेदी करायला सांगितलंच नसतं. पण दोन गोष्टी कायमच्या लक्षात ठेवायच्या: बाजार बंद असताना स्टॉप चालत नाही, आणि संपत आलेल्या वायद्यात शेवटच्या दिवसांपर्यंत बसायचं नाही.

संपत आलेल्या वायद्यावरून रोलओव्हरकडे येतो. ही पद्धत चालवताना सगळ्यात जास्त चुका मी इथेच होताना पाहिल्या आहेत. चांदीच्या वायद्यात डिलिव्हरी सक्तीची असते, म्हणून टेंडर पिरियड, म्हणजे डिलिव्हरीचे दिवस, सुरू होण्याआधी जुना वायदा विकून पुढचा घ्यावा लागतो. समजा त्या क्षणी जुना 98,400 ला आहे आणि पुढचा 99,900 ला. दोन्हींतला 1,500 रुपयांचा फरक ही भावातली वाढ नाही. दोन निरनिराळ्या महिन्यांचे ते भाव आहेत, एवढंच. पण शीटमध्ये दोन वायद्यांचे आकडे नुसते एकाखाली एक चिकटवले, तर त्या दिवशी एक आख्खा एन वर उडी दिसते. पोझिशन नसेल तर खोटा ब्रेकआउट मिळतो. पोझिशन असेल तर दहा दिवसांचा नीचांक जुन्या, खालच्या वायद्याचा राहतो आणि बाहेर पडायची पातळी 1,500 रुपयांनी सैल होते. ट्रू रेंजही फुगते आणि पुढचे कित्येक दिवस एन मोठा दिसतो.

उपाय सोपा आहे. रोलओव्हरच्या क्षणीचा फरक टिपायचा आणि मागच्या सगळ्या उच्चांक, नीचांक व बंद भावांत तो मिळवायचा. स्टॉपही तेवढाच वर सरकवायचा. मागचे भाव मग खरे राहत नाहीत, पण आपल्याला लागतात ती अंतरं खरी राहतात. दोन्ही ऑर्डर एकाच मिनिटात टाकायच्या. जुना आधी विकून पुढचा "थोडा खाली आल्यावर घेऊ" असं म्हटलं की आपण पद्धतीबाहेर गेलो. ब्रोकरकडे ठेवलेले जुन्या वायद्याचे जीटीटी, म्हणजे लागेपर्यंत टिकणारे, ट्रिगर रद्द झाले का, हेही त्याच वेळी पाहायचं. न पाहिलेला ट्रिगर आठवड्याने उडतो आणि न मागितलेली पोझिशन खात्यात येते.

परत सौद्याकडे. हिशेब सोपा राहावा म्हणून यात रोलओव्हर आला नाही असं धरतो. चौथ्या युनिटनंतर करण्यासारखं काही नसतं, आणि तेच अवघड असतं. रोज रात्री दहा दिवसांचा नीचांक काढायचा. तो 89,300 च्या वर आला की तीच बाहेर पडायची पातळी, तोवर स्टॉप. मूळ नियमांत नफ्याचं लक्ष्य नाही आणि अर्धी पोझिशन काढून घेणंही नाही. भाव वाढत 1,12,000 ला पोहोचला, एन 2,400 झाला, असं धरू. आता एक साधा दिवसही चोवीस लॉटवर 57,600 रुपये इकडेतिकडे करतो. कागदावरचा नफा 4,99,800. मग भाव उतरू लागतो. दहा दिवसांचा नीचांक 1,06,000 ला आहे. त्याखाली भाव गेला आणि 1,05,900 ला सगळे लॉट विकले गेले. हातात आले 3,53,400. शिखरावर दिसत होते त्यातले 1,46,400 परत दिले.

हे परत देणं चूक नाही, पद्धतीची किंमत आहे. दहा दिवसांचा नीचांक इतका लांब असतो म्हणूनच 96,000 आणि 1,01,000 च्या आसपासच्या घसरणींत ही पोझिशन टिकली. तिथे पाच दिवसांचा नीचांक लावला असता तर यातल्या एखाद्या घसरणीत बाहेर पडून पुढची सगळी चाल गेली असती. कोकोचंही तसंच झालं. एप्रिल 2024 मधल्या शिखरानंतर तो काही आठवड्यांत हजारो डॉलर उतरला, आणि तोवरची चाल पकडलेल्या कुठल्याही ब्रेकआउट पद्धतीला त्यातला मोठा वाटा परत द्यावाच लागला असणार.

आता दहा सौद्यांचा हिशेब मांडतो. हा इतिहासातला निकाल नाही, आकार कळावा म्हणून केलेलं गणित आहे. सहा सौदे पहिल्या युनिटवरच स्टॉप लागून गेले: 1,08,000 तोटा. दोन सौद्यांत दुसरं युनिट घेतलं गेलं आणि मग भाव फिरला. तेव्हा स्टॉप 87,800 ला होता, पहिल्या युनिटवर 13,500 आणि दुसऱ्यावर 18,000, असे 31,500 प्रत्येकी, दोन्हींचे 63,000. एक सौदा दहा दिवसांच्या नीचांकावर 22,000 नफ्यात सुटला. आणि एक वरचा. एकूण नफा 2,04,400. त्यातला तो एक सौदा काढला तर दीड लाखाला फक्त हजार कमी इतका तोटा.

कोणता सौदा तो असेल हे आत शिरताना ओळखता येत नाही. तोही इतर नऊंसारखाच दिसतो, बहुतेकदा जरा वाईटच, कारण तो आधीच्या चार-पाच फसलेल्या ब्रेकआउटनंतर, त्याच पट्ट्यातून निघतो. त्यामुळे "या वेळी बातमी तशी नाही" म्हणून सोडलेली एक ऑर्डर वर्षाचा हिशेब पालटते. कुठले तोटे टाळता आले असते यावर मी फारसा वेळ घालवत नाही. लागलेल्या आणि न लागलेल्या सगळ्या सिग्नलांची नोंद मात्र ठेवतो, आणि वर्षाअखेर एकच गोष्ट पाहतो: नियमाने सांगितलेल्या ऑर्डरपैकी किती लावल्या.

तोट्याच्या काळासाठी टर्टलांना आणखी एक नियम होता. भांडवल दहा टक्क्यांनी घटलं की युनिट ठरवताना ते वीस टक्क्यांनी घटलंय असं धरायचं. दहा लाखांचे नऊ झाले की हिशेब आठ लाखांवर. 8,000 भागिले 1,500, म्हणजे पाच लॉट. वरचे सहा तोटे आधी आले आणि मग मोठा सौदा मिळाला, तर तो चोवीसऐवजी वीस लॉटचा असता आणि नफा 2,94,500. नियमाने साठेक हजार रुपये कमी मिळाले. पण तोटे सहाऐवजी बारा आले असते तर याच नियमाने खातं जगवलं असतं, म्हणून तो ठेवायचा.

आपल्याकडे खरी मर्यादा बाजारांच्या संख्येची आहे. टर्टल सोनं-तांब्यापासून कॉफी, साखर, कापूस, चलनं आणि अमेरिकी रोख्यांपर्यंत सगळीकडे होते. दुर्मीळ मोठा सौदा कुठे ना कुठे निघायचा. इथे डिसेंबर 2021 मध्ये सेबीने हरभरा, सोयाबीन, मोहरी यांच्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि एनसीडीईएक्स या शेतमालाच्या एक्स्चेंजवरचे मोठे बाजार हातातून गेले. उरतात ते मुख्यतः सोनं, चांदी, क्रूड, नॅचरल गॅस, तांबं, जस्त, ॲल्युमिनियम. त्यातही सोनं आणि चांदी एकत्र हलतात. टर्टलांची मर्यादा एका बाजारात चार युनिट, घट्ट संबंध असलेल्या बाजारांत मिळून सहा, सैल संबंध असलेल्यांत दहा आणि एका दिशेला एकूण बारा अशी होती. चांदीत चार असतील तर सोन्यात दोनच. दोन्हीकडे चार-चार भरून "दोन बाजारांत आहे" असं म्हणणं म्हणजे एकच सौदा आठ युनिटांचा करणं. बाजार कमी असल्यामुळे दोन मोठ्या सौद्यांमधला काळ इथे जास्त लांबतो, आणि वर्ष-दीड वर्ष कोरडं जाऊ शकतं एवढी तयारी हवी.

शेवटचा नियम सौदा बंद झाल्यावरचा, आणि तोही बऱ्याचदा चुकतो. वीस दिवसांच्या पद्धतीत आधीचा ब्रेकआउट नफ्यात गेला असेल तर पुढचा सोडायचा. आधीचा म्हणजे आपण घेतलेला नव्हे, त्या बाजारातला शेवटचा, घेतलेला असो वा नसो. ब्रेकआउटनंतर भाव दोन एन खाली आला तर तो तोट्याचा, त्याआधी दहा दिवसांच्या नीचांकावर नफ्यात सुटला तर नफ्याचा. म्हणून सोडलेल्या सिग्नलांचाही कागदी हिशेब ठेवावा लागतो. आणि सोडलेल्या ब्रेकआउटमधूनच मोठी चाल निघाली तर तिला पकडायला पंचावन्न दिवसांचा उच्चांक असतो. तिथे न विचारता घ्यायचं. पुढचा सोडायची ही गाळणी ठेवायची आणि पंचावन्नचा उच्चांक विसरायचा, हे चालत नाही. दोन्ही ठेवा किंवा दोन्ही काढा.

आपला चांदीचा सौदा नफ्यात बंद झाला. म्हणून त्याच रात्री शीटमध्ये चांदीसमोर "पुढचा वीसचा सोडायचा" असं लिहायचं आणि त्याखाली पंचावन्न दिवसांचा उच्चांक. तो आहे परवाचं शिखर, 1,12,000. उद्यापासून खरेदीची ऑर्डर 1,12,001 ला, नवीन एन 2,400, भांडवल दहा लाखच धरलं तर युनिट चार लॉटचं.